सहीच्या आधीची नऊ पानं

मैत्रिणीच्या कादंबरीचं बाड वाचत होते. ६१व्या पानावर वसुधा, म्हणजे कादंबरीची नायिका, वडिलांच्या घराच्या विक्रीच्या कागदांवर सही करायला बसलेली. समोर तिचा भाऊ मोहन. त्याने पेनचं टोपण काढलं, पेन तिच्या हातात दिलं आणि टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवलं. पेन कागदाला टेकलं, शाईचा एक ठिपका उमटला, आणि वसुधाला वडील आठवले. पुढची नऊ पानं वडीलच. पाटीवर अक्षरं गिरवून घेणारे वडील, आईच्या आजारपणात बोलेनासे झालेले वडील, लेकीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभे असलेले वडील, शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवरचे वडील. मी वाचत होते, पण दुसऱ्याच पानाला माझा अंगठा पुढची पानं चाळायला लागला. सहीचं काय झालं ते शोधत. ७०व्या पानाच्या तळाशी ते सापडलं : ‘वसुधाने सही केली.’ मग मी मागे आले, राहिलेली पानं वाचली. ती सुंदर होती. आईच्या उशाशी ठेवलेल्या वाटीत चमचा किणकिणतो आणि वडील तो हळूच काढून बाजूला ठेवतात, एवढंच एक दृश्य तिने पाऊण पान लिहिलंय आणि त्यातला एक शब्दही जास्तीचा नाही. कुणी ही पानं सुटी करून हातात दिली असती तर मी ती दोनदा वाचली असती. मग इथे, या जागी, ती ओलांडून पुढे का पळाले? त्या रात्री बाड मिटलं तरी हा प्रश्न काही मिटला नाही.

फ्लॅशबॅक लांबला म्हणून कंटाळा आला, असं सरळ उत्तर देता येतं. पण लांबीचा प्रश्न नव्हता. तो ठिपका, ती मूठ, त्या मुठीतलं टोपण या सगळ्यांनी मिळून माझ्या मनात एक प्रश्न उभा केला होता : ही सही करणार का? तो प्रश्न मी आणला नव्हता, लेखिकेनेच मोठ्या कौशल्याने आणून ठेवला होता. आणि तो उभा राहिला त्याच क्षणी ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला लागली : हिचे वडील कसे होते? हा प्रश्न मला कधीतरी पडलाही असता. पण अजून पडला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कितीही देखणं असलं तरी ते ऐकताना माणसाचं लक्ष दाराकडे लागलेलं असतं. त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला जास्त खुपली. वसुधा सही करायला आली होती आणि तिने सही केली. नऊ पानांचा भूतकाळ तिच्या डोक्यातून वाहून गेला, पण पेन धरलेला हात होता तिथेच राहिला. ती पानं नसती तरी तिने सहीच केली असती. म्हणजे आठवण वाचकासाठी आली होती, वसुधासाठी नाही.

यावर कुणी म्हणेल, थोरामोठ्यांनी ऐन प्रसंगात गोष्ट थांबवलेली आहेच की. आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या १९व्या सर्गात म्हातारी दाई परक्या पाहुण्याचे पाय धुते आहे. तिचा हात मांडीवरच्या जुन्या व्रणाला लागतो आणि तिला कळतं, हा पाहुणा नाही, हा वेष पालटून घरी परतलेला आपला मालक ओडिसियस. तिच्या तोंडून शब्द निघाला तर त्याचा सगळा बेत फसणार. आणि नेमकं इथे होमर सुमारे सत्तर ओळी मागे जातो : ओडिसियसचं नाव त्याच्या आजोबांनी कसं ठेवलं, तो आजोळी शिकारीला कसा गेला, रानडुकराने त्याला कसं फाडलं. जर्मन समीक्षक एरिक आउअरबाखने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाची सुरुवात याच व्रणापासून केली आहे. त्याचं म्हणणं असं की होमरला इथे वाचकाचा श्वास रोखून धरायचाच नाही. जे जे गोष्टीत येईल ते पूर्ण उजेडात यावं, आणि ते चालू असेपर्यंत तेच खरं वर्तमान असावं, ही त्याची रीत. ते पटतं. पण हस्तलिखितं वाचणाऱ्या माझ्यासारखीला त्या ओळींत अजून काही दिसतं. होमर वाट्टेल त्या भूतकाळात जात नाही. दाईच्या बोटांखाली जो व्रण आहे, त्याच व्रणाची गोष्ट तो सांगतो. आणि परत येतो तो त्याच बोटांपाशी : तिच्या हातून पाय सुटतो, घंगाळ्यावर आपटतो, घंगाळं कलंडतं, पाणी सांडतं. जिथून निघाला तिथेच तो उतरला आहे, आणि उतरताक्षणी खोलीत काहीतरी घडलं आहे. मैत्रिणीच्या बाडात पेनपासून निघालेली गाडी पाटीवर गेली, आजारपणात गेली, लग्नात गेली, आणि परतली तेव्हा पेन कुणाच्या हातात होतं हेसुद्धा मला आठवून पाहावं लागलं.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

‘मग काय, काढून टाकू?’ तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ‘अगं, या नऊ पानांसाठीच तर मी ही कादंबरी लिहायला घेतली.’ हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते खरं होतं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असतं. लिहिणारीला आधी ती वाटी दिसते, तो चमचा दिसतो, मग त्याभोवती गोष्ट उभी राहते. ज्यापासून सुरुवात झाली तेच सर्वांत जड होऊन बसतं, आणि जड म्हणून ते सगळ्यात ताणलेल्या प्रसंगात नेऊन ठेवलं जातं. ताण आहे तिथे वाचक थांबेल, ऐकून घेईल, असा विश्वास असतो. उलट ताण आहे तिथेच तो सर्वांत कमी ऐकून घेतो. काढून टाक असं मी म्हटलं नाही. म्हटलं, सध्या फक्त बाजूला ठेवू. नऊच्या नऊ पानं वेगळ्या फाइलमध्ये. मूळ जागी सांधाही करायचा नाही, ठिपका उमटला आणि सही केली, बस्. मग ज्याने आधीचा खर्डा पाहिलेला नाही अशा कुणाला तरी बाड द्यायचं आणि एकच विनंती करायची : जिथे काही कळत नाही किंवा काही जाणून घ्यावंसं वाटतं तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. मत नको, सूचना नकोत, फक्त चिन्हं. वाचणाऱ्याला काय आवडलं असं विचारलं की तो सभ्यपणे उत्तर देतो. चिन्हं करताना तो सभ्यपणा विसरतो.

तिच्या मावसबहिणीने वाचलं. बाड परत आलं तेव्हा आम्ही दोघी पानं उलटत बसलो. चिन्हं फार नव्हती. बाजूला काढलेल्या पानांशी नातं सांगणारी तर तीनच. पहिलं चौथ्या प्रकरणात, सहीच्या बरंच आधी. मोहन फोन करून सांगतो की कागद तयार आहेत, आणि वसुधा विचारते, ‘सगळे भरलेले आहेत ना?’ तिथे समासात प्रश्नचिन्ह. हिने असं का विचारावं? दुसरं सहीच्या प्रसंगात, ठिपक्यापाशी. ही एवढी का थबकली? तिसरं बरंच पुढे, घर रिकामं करताना. वसुधा सगळ्या खोल्यांतून फिरते, कपाटं उघडते, पण एका दारावरून तिसऱ्यांदा आत न जाता पुढे निघून जाते. ही खोली ती का टाळते? मैत्रीण त्या चिन्हांकडे बघतच राहिली. भूतकाळ कुठे यायला हवा हे बाडाने आधीच ठरवलेलं होतं. जागा रिकाम्या होत्या आणि माल भलत्याच ठिकाणी उतरवलेला होता. आणि पाटीच्या आठवणीला, जी तिला सगळ्यात प्रिय होती, कुठेच चिन्ह नव्हतं. तिची उणीव कुणालाच जाणवली नव्हती.

मग आम्ही ती नऊ पानं उलगडून बसलो. पहिल्या दोन चिन्हांचं उत्तर एकाच ठिकाणी होतं, आठव्या पानावर, जेमतेम चार ओळींत. वडील हॉस्पिटलमध्ये असताना मोहनने जिन्यात वसुधापुढे एक कागद धरला होता. ‘तू फक्त सही कर, बाकीचं मी नंतर भरतो.’ तिने केली होती. त्या कोऱ्या कागदावर पुढे काय लिहिलं गेलं हे तिला खूप उशिरा कळलं. नऊ पानांत सगळ्यात रुक्ष ओळी त्याच होत्या. घाईघाईत, जाता जाता लिहिलेल्या. पण पेन धरलेल्या हाताशी ज्यांचा संबंध आहे अशाही त्याच. बाकी सगळ्या आठवणी वडिलांच्या होत्या, ही एक सहीची होती. लिहिणाऱ्याचं प्रेम एकीकडे असतं आणि गोष्टीची गरज दुसरीकडे, हे मी इतक्या बाडांत पाहिलं आहे की आता फ्लॅशबॅक वाचताना मी सुंदर ओळी सोडून आधी रुक्ष ओळींकडे बघते.

आता ही चार ओळींची गोष्ट कुठे ठेवायची? तीन जागा शक्य होत्या आणि प्रत्येक जागेने प्रसंग वेगळा होत होता. सहीनंतर सांगितली तर वाचकाला धक्का बसेल, पण अख्खा सहीचा प्रसंग तो बाहेरून बघेल, वसुधाच्या पोटात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसेल. सहीच्या मध्ये सांगितली तर पुन्हा तीच अडचण, थोडी कमी लांबीची. सहीच्या आधी सांगितली तर टेबलावरचा प्रत्येक कागद, प्रत्येक हालचाल वाचक वसुधाइतक्याच संशयाने बघेल. मला या ठिकाणी महाभारत आठवतं. कर्ण कुंतीचा मुलगा आहे ही गोष्ट एकदाच घडलेली, पण महाभारत ती वेगवेगळ्या माणसांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचवतं. आपल्याला ती आदिपर्वातच कळते. कर्णाला ती सांगितली जाते उद्योगपर्वात, युद्ध तोंडावर आलेलं असताना, आधी कृष्णाकडून आणि मग खुद्द कुंतीकडून. पांडवांना कळते युद्ध संपल्यावर, स्त्रीपर्वात, मेलेल्यांना पाणी देण्याची वेळ येते तेव्हा. आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं. कर्ण अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना न मारण्याचं वचन देतो. युधिष्ठिराचा विजय एका क्षणात भावाचा वध होऊन बसतो. आपल्याला आधीपासून माहीत असल्यामुळे मधली सगळी पर्वं आपण वेगळ्याच काळजीने ऐकतो. हीच गोष्ट रथाचं चाक रुतल्यावर कर्णाच्या मनात फ्लॅशबॅक म्हणून आली असती तर? आपल्याला सगळं कळलं असतं, पण रणांगणावर कुणाच्याच हातून वेगळं काही घडलं नसतं. म्हणून हल्ली मी एवढंच विचारते, की हा भूतकाळ कळल्यामुळे कोण काय वेगळं करणार आहे? ते करण्याच्या आधी, आणि शक्य तर बऱ्याच आधी, त्याची जागा.

मैत्रिणीने कोरा कागद फोनच्या प्रसंगात नेला. तिथे तो असा उतरला :

‘सगळे भरलेले आहेत ना?’ वसुधाने विचारलं. पलीकडे मोहन गप्प झाला. हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने तिच्यापुढे धरलेला कागद कोरा होता, हे इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही उच्चारलं नव्हतं. ‘भरलेले आहेत,’ तो म्हणाला.

एक वाक्य. त्याला फ्लॅशबॅक म्हणायलाही जीभ धजत नाही. फोन चालूच आहे, दोघं लाइनच्या दोन टोकांना आहेत, आणि मोहनच्या गप्प बसण्यातून ते वाक्य आत शिरलं आहे. मग तिने सहीचा प्रसंग नव्याने लिहिला आणि तो स्वतःहूनच वेगळ्या वाटेने गेला. मोहन पेन देतो, टोपण मुठीत ठेवतो. वसुधा पेन टेबलावर ठेवते, कागद ओढून घेते आणि पहिल्या पानापासून वाचायला लागते. ‘अगं, वाचतेस काय, नेहमीचंच आहे सगळं,’ मोहन म्हणतो. ती वाचत राहते. प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. चार पानं हा प्रसंग चालतो, त्यात भूतकाळाचं अवाक्षर नाही, आणि टोपणाचा खुटखुट आवाज तेवढा येत राहतो. ते ओळीखालून फिरणारं बोट म्हणजे पाटीची सगळी आठवण. वडील असंच बोट धरून गिरवायला लावायचे, हे लिहिणारीला माहीत आहे. वाचकाला ते कधीच सांगितलेलं नाही, आणि सांगायची गरजही नाही. पाटीवरची ती तीन पानं लिहिली नसती तर हे बोट तिला सुचलं नसतं, म्हणून ती वाया गेली असं मला म्हणवत नाही. पण बाड सोडून त्यांना जावं लागलं.

आईचं आजारपण मात्र पूर्णच्या पूर्ण राहिलं. वाटी, चमचा, सगळं. ते गेलं रिकाम्या घरात, तिसऱ्या प्रश्नचिन्हापाशी. सही होऊन गेली आहे, कोण जिंकलं कोण हरलं ते कळलं आहे, पुढचा पेच अजून यायचा आहे. वसुधा अखेर ते दार ढकलते. इथे वाचक घाईत नाही. त्याचा एक प्रश्न सुटला आहे आणि एक तो मनात घोळवतो आहे. इथे पाच पानंही त्याला कमीच वाटतात. लांब फ्लॅशबॅकला माझा विरोध नाही. मोठा प्रसंग उरकल्यावर गोष्ट जिथे दम घेते तिथे त्याने हवी तेवढी जागा घ्यावी, प्रसंग म्हणून उभा राहावा, त्यातल्या माणसांनी बोलावं, चालावं. जो भूतकाळ सारांशाने सांगून भागतो तो एका वाक्यात जावा. वसुधाचं लग्न असंच एका वाक्यात गेलं.

दार ढकलल्यानंतरच्या त्या पानांत एक बारीक काम उरलं होतं, आणि ते मला नेहमीच करावं लागतं. आपण मागे जातो तेव्हा ‘आली होती’, ‘म्हणाले होते’ असं लिहितो, आणि ते बरोबरच आहे. त्याशिवाय काळ बदलल्याचं कळणार कसं? पण मग लिहिणारा त्याच काळात अडकतो. पाच पानं ‘होती’, ‘होता’, ‘होते’. प्रत्येक वाक्याच्या शेवटी वाचकाला आठवण करून दिली जाते की हे घडून गेलेलं आहे, तू याच्यापासून लांब आहेस. पहिली दोन-तीन वाक्यं ‘होतं’ची पुरतात. वाचक एकदा तिकडे पोचला की सरळ ‘आली’, ‘म्हणाले’, ‘ठेवला’. ‘आईने कूस बदलली होती. वाटीतला चमचा किणकिणला होता,’ याऐवजी ‘आईने कूस बदलली. वाटीतला चमचा किणकिणला.’ परतीच्या वेळी मात्र हे पुन्हा उलटं करावं लागतं, आणि तिथे बरेच जण नुसती ओळ सोडून मोकळे होतात. मोकळी ओळ दिसते, पण त्या ओळीने कुणी वर्तमानात येत नाही. यायला वर्तमानातली एखादी वस्तू लागते, जी जाण्याआधी वाचकाच्या हातात दिलेली आहे. मैत्रिणीने आत जाताना दाराची गार कडी लिहिली होती. परतताना तिने लिहिलं, ‘कडी हातात गरम झाली होती.’ किती वेळ गेला, ती किती वेळ उभी होती, सगळं त्यात आलं, आणि इथला ‘होती’ आपोआप आपल्याला दारात आणून सोडतो.

एका गोष्टीबद्दल मात्र आमचं अजून जमलेलं नाही. पहिलं प्रकरण संपतं तेव्हा वसुधाने कित्येक वर्षांनी मोहनला फोन लावलेला आहे आणि पलीकडे रिंग वाजते आहे. दुसरं प्रकरण सबंध वीस वर्षं मागे जातं : ती घर सोडून गेली तो दिवस. पहिल्या प्रकरणात वाचकासाठी गळ टाकायचा आणि दुसऱ्यात सगळी पूर्वकथा ओतायची, ही बाडं वाचताना सारखी भेटणारी रचना आहे. तिच्यामागे एक भीती असते की आपलं पात्र वाचकाला पुरतं कळलं नाही तर त्याचा जीव जडणार नाही. मैत्रीण तेच म्हणते. ‘हे प्रकरण नसेल तर सुरुवातीला वसुधा फार कोरडी वाटेल गं.’ मला वाटतं, वाटू दे. ती कोरडी का आहे, हा प्रश्नच वाचकाला पाचव्या प्रकरणापर्यंत नेईल, आणि तिथे त्या दिवसाची खरी गरज पडेल. माझ्या बाजूला मावसबहिणीची पेन्सिल आहे. दुसऱ्या प्रकरणात तिने एकही चिन्ह केलेलं नाही. फक्त त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर, समासात बारीक अक्षरात लिहिलंय : ‘मोहनने फोन उचलला का?’ म्हणजे अख्खं प्रकरण ती रिंगच ऐकत होती. मैत्रिणीच्या बाजूलाही एक मुद्दा आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. तो दिवस पाचव्या प्रकरणात गेला तर कोऱ्या कागदाचं वाक्य त्याच्या आधी येतं, आणि मग मोहन पहिल्यापासून खलनायक ठरतो. दुसऱ्या प्रकरणात वसुधाची पेटी उचलून बसपर्यंत पोचवणारा मोहनच आहे. तो आधी भेटला, तरच पुढचा कोरा कागद मनाला लागतो. या मुद्द्यावर मी थोडी हलले आहे. आता ती प्रकरण जागेवर ठेवून पेटी आणि बसचा तेवढा भाग पहिल्याच प्रकरणात, रिंग वाजत असताना, दोन वाक्यांत येतो का ते बघते आहे. दोन्ही क्रमांच्या प्रती काढल्या आहेत. पहिला खर्डा न पाहिलेल्या दोघांना एकेक जाईल, सोबत पेन्सिल.